बिनलायसनची गाडी

ती गाडी आमच्या घरी आली ती बाबांच्या रागातून. बाबा वनखात्यात बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते, रिटायर झाले तरी रुबाब गेला नव्हता. लायसनची मुदत संपली तेव्हा नव्यानं करायला डॉक्टरचा दाखला लागत होता. बालाघाटच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं त्यांना भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं, एक डोळा झाकायला सांगितला आणि मग विचारलं, "दूसरे में मोतियाबिंद पक गया है, कब से है?" एका डोळ्याचं ऑपरेशन आधीच झालं होतं. दुसऱ्याचं ते टाळत आले होते. डॉक्टर म्हणाला, पहले ऑपरेशन, फिर साइन. बाबा तिथून जे उठून आले ते थेट घरी.

"मले म्हणते दिसत नाही," ते चपला काढतानाच सुरू झाले. "जंगलात रात्री-बेरात्री जीप घेऊन गेलतो मी. तवा हा डॉक्टर कुठं होता?"

"बाबा, तवा मोतीबिंदूबी नव्हता," मी म्हटलं.

त्या दिवसापासून त्यांची जुनी स्कूटर पोर्चमध्ये चादरीखाली गेली आणि घरातली शांतताही तिच्याबरोबरच गेली. भाजी आणायला रिक्षा, लायब्ररीत जायला रिक्षा, आणि प्रत्येक रिक्षेनंतर माझ्याशी भांडण. आई जाऊन काही वर्षं झाली होती, भाऊ नागपूरला. भांडायला घरात मी एकटीच होते.

माझी वेगळीच तऱ्हा होती. परसवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात मी मिडल स्कूलला शिकवत होते. बस मिळाली तर उभ्यानं, नाही मिळाली तर जीपच्या पाठीमागच्या फळीवर पाय टेकवून. मला गाडी हवी होती, पण लायसन नव्हतं, आणि आरटीओ म्हटलं की मी विषय बदलायची.

अशात हनुमान चौकाच्या पुढे बॅटरीच्या स्कूटरींचं दुकान उघडलं. बाबा तिथं माझ्याआधीच चक्कर मारून आले होते. रविवारी मला घेऊन गेले. दुकानात दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक लहान, एक मोठी. दुकानदार तरुण होता, बोलण्यात गोड.

"ये छोटी वाली," तो म्हणाला, "मोटर ढाई सौ वॉट के अंदर, स्पीड पच्चीस के अंदर. इसलिए कानून में ये मोटर-गाड़ी गिनी ही नहीं जाती. न लाइसेंस, न नंबर, न टैक्स. हेलमेट भी आपकी मर्जी."

"आणि ती?" मी मोठ्या गाडीकडे बोट दाखवलं.

"वो पैंतालीस-पचास तक जाती है, मैडम. मोटर उससे कहीं तगड़ी, बैटरी ज्यादा. पर उसमें सब लगेगा. नंबर, इंश्योरेंस, लाइसेंस. पेट्रोल गाड़ी जैसा ही समझो."

मी मोठ्या गाडीच्या सीटवर हात ठेवला. माझा रस्ता लांबचा, ट्रकांचा, मध्ये एक चढ. मला ती दिसताक्षणीच पटली होती. "बाबा, मी लायसन काढते. हीच घेऊ."

"तू कवा काढशील?" बाबा म्हणाले. "तुले आरटीओचं नाव काढलं की ताप येते. अन् मले कोणी देणार नाही. ही लहान घेऊ. तूबी चालवशील, मीबी. कोणाच्या दारात हात पसरायचं काम नाही."

त्यांच्या बोलण्यातली शेवटची ओळ खरी होती हे मला तेव्हाही कळत होतं. लहान गाडीत बाबांना जे सगळ्यात आवडलं ते बॅटरी नव्हती, पेट्रोल वाचणं नव्हतं. ती चालवायला त्यांचा डोळा कोणी तपासणार नव्हता, हेच आवडलं होतं. मी हे तोंडावर बोलले. दुकानदारानं माझ्याकडे बघणं टाळलं. बाबा म्हणाले, "पंचवीसच्या स्पीडनं काय होते? सायकलवाला पडते तेवढंच."

लहान गाडी घरी आली.

पहिला आठवडा मीच ती शाळेला नेली, आणि त्या आठवड्यात मला जितका संताप आला तितका आधीच्या बसवरही आला नव्हता. गावात ठीक होतं. गल्लीतून, बाजारातून ती आवाज न करता जायची. इतकी आवाज न करता की गाई हलायच्या नाहीत आणि माणसं दचकायची. पण गावाबाहेर आलं की पंचवीसचा वेग म्हणजे काय ते कळायचं. मागून ट्रक यायचा, हॉर्न देत यायचा, मी कडेच्या मातीत उतरायची, तो जायचा, मी पुन्हा डांबरावर चढायची, की दुसरा ट्रक. वेग कमी म्हणजे धोका कमी असं बाबांना वाटत होतं. त्या रस्त्यावर उलटंच होतं. सगळ्यांपेक्षा हळू चालणारा माणूस म्हणजे सगळ्यांच्या वाटेतला दगड.

आणि चढ! माझ्या पाठीवर वह्यांची पिशवी, मी काही फार वजनदार नाही, तरी अर्ध्यावर गाडीचा जीव जायचा. मी उतरायची, मूठ थोडी पिळून धरायची आणि तिच्या बाजूनं चालायची. आठवीतल्या मुली सायकलवरून "नमस्ते मैडम" म्हणत पुढे जायच्या. त्या चढावर त्याही उतरायच्या, एवढंच समाधान.

घरी आल्यावर चार्जिंग. सगळी रात्र लागायची. आणि त्या वर्षांत आमच्याकडे रात्रीची लाइट म्हणजे आली तर आली. सकाळी उठून चार्जरकडे बघायचं, हिरवा दिवा नसला की बस स्टँडकडे पळायचं. आठवडा संपल्यावर मी चावी बाबांच्या हातात दिली. "ठेवा तुमची गाडी. मी बसनंच जाईन."

"तुले चालवता येत नाही," बाबा म्हणाले.

"चढ चढत नाही तिले, बाबा. मी काय करू?"

"तुले सवय नाही."

गावात मात्र त्यांना ती झकास जमली, हेही मला कबूल करायला पाहिजे. लायब्ररी, भाजीबाजार, मित्रांकडे. लहान चाकरी तिला शोभत होती. फक्त मी रोज संध्याकाळी ते परतेपर्यंत दारात उभी राहायची. डाव्या बाजूनं येणारं त्यांना दिसत नव्हतं. एकदा भाजीवालीच्या टोपलीला चाक लागलं, एकदा नळावर उभ्या बाईला. दोन्ही वेळा चूक दुसऱ्याचीच होती, असं ते सांगायचे. "डोळा दाखवून या," मी म्हणायची. "लायसन लागत नाही, मंग डोळा काहून दाखवू?" ते म्हणायचे. या एका वाक्यावर आमचं संभाषण येऊन थांबायचं, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटायची.

दिवाळी झाली. धानाची कापणी लागली होती. एका रविवारी मी कपडे धूत होते आणि बाबा सकाळपासूनच गायब. गाडीही नव्हती. लायब्ररी बंद असते रविवारी. बारा वाजले तरी फोन नाही, दोनच्या सुमारास आला, तोही बाबांचा नव्हता. त्यांचे एक मित्र होते, पोस्टमास्तर म्हणून रिटायर झालेले. मी त्यांना काकाजी म्हणायची. मोबाइल त्यांच्याकडे होता.

"बेटा, घाबरू नको," काकाजी म्हणाले. कोणी असं म्हटलं की मी आधी घाबरते. "आमी रामपायलीच्या रस्त्यावर हावो. गाडी बंद पडली."

"रामपायली? त्या गाडीवर?"

"हौ. देवळात दर्शनाले गेलतो. तुझे बाबा म्हणाले, साठ किलोमीटर चालते असं कंपनीनं लिहून देल्लं हाय."

"दोघं एकाच गाडीवर?"

काकाजी हळूच म्हणाले, "हौ."

मी ओल्या हातानंच कुलूप लावलं. वारासिवनीपर्यंत बस, तिथून एक सवारी ऑटो. सगळ्या रस्त्यात मी मनातल्या मनात भाषण तयार करत होते. धानाच्या बांध्यांच्या मधे, एका मोहाच्या झाडाखाली ते दोघं बसलेले दिसले. गाडी स्टँडवर उभी, बाबा तिच्याकडे पाठ करून. त्यांच्या शर्टावर पाठीपर्यंत घाम होता. गाडी त्यांनी बरीच लांब ढकलत आणली होती. बॅटऱ्या शिशाच्या, जड. काकाजींना अजून धाप लागलेली होती. माझं तयार भाषण त्यांना बघून अर्धं विरलं. उरलेलं अर्धं मी बोलले.

"काही झालं असतं तर? काकाजींले बीपी हाय, तुमाले माहीत नाही?"

"आता झालं काय?" बाबा म्हणाले. "बॅटरी संपली, एवढंच."

काकाजी मात्र सगळं सांगून मोकळे झाले. त्यांना सांगायची घाई होती. बाबांनी आठवडाभरापूर्वी दुकानात जाऊन गाडीचा वेग वाढवून आणला होता. मोटरला वीज मोजून देणारा जो डबा सीटखाली असतो, कंट्रोलर म्हणतात त्याला, त्यातून एक वायर निघते. ती जोडलेली असली की गाडी पंचवीसच्या आत राहते. दुकानदारानं ती सोडून दिली होती.

"तुझ्यासाठीच केलतं," बाबा रस्त्याकडे बघत म्हणाले. "तू म्हणत होतीस ना, ट्रक मागून येतात. म्हटलं, स्पीड वाढली तर तू नेशील शाळेले."

मला राग आला होता आणि त्यातच हे.

"अन् वारासिवनीत पोलिसानं धरलं," काकाजी पुढे म्हणाले. "मोटरसायकलवर बाजूनं आला. त्याच्या मीटरवर पाहून म्हणते, चाचाजी, आप तो तीस के ऊपर चल रहे हो. नंबर प्लेट कहाँ है?"

बाबांनी खिशातून कंपनीचं रंगीत पत्रक काढून त्याला दाखवलं होतं. लाइसेंस नहीं लगता, ये देखो, लिखा है. त्या शिपायानं ते वाचलं आणि म्हणाला होता, लिखा है पच्चीस के अंदर. आप पच्चीस के अंदर चलाइए तो ये खिलौना है. ऊपर चलाएँगे तो गाड़ी है, और गाड़ी के कागज आपके पास हैं नहीं. म्हातारी माणसं बघून त्यानं सोडलं, पण परत जा म्हणून सांगितलं. बाबा परत फिरले नाहीत. रामपायली जवळच आली होती.

"तिथं चार्ज करू म्हटलं," बाबा म्हणाले. "ओळखीच्या घरी. जेवण होईपर्यंत चार्जिंग. पण सकाळपासून गावात लाइट नाही."

"तरी निघाले?"

"काटा अर्ध्यावर होता."

काट्याची गोष्ट मला माझ्या त्या आठवड्यापासून माहीत होती. गाडी थोडा वेळ उभी ठेवली की काटा आपोआप वर सरकायचा. जणू झोप झाली, आता जातो पुढं. मूठ पिळली की काही अंतरात पुन्हा खाली. दर्शन, जेवण, गप्पा होईपर्यंत गाडी सावलीत उभी होती, काटा अर्ध्यावर आला आणि बाबांचा त्यावर विश्वास बसला. दोन माणसं, सोडलेला वेग, अख्खा रस्ता. कंपनीचे साठ किलोमीटर एका हलक्या माणसाचे, सपाट रस्त्यावरचे, नव्या बॅटरीचे होते. पत्रकात ते कुठं लिहिलं नव्हतं. आणि लिहिलं असतं तरी त्या बारीक अक्षरात बाबांना दिसलं नसतं, हे मी त्या वेळी बोलून गेले. त्यांनी खिशातलं पत्रक आणखी आत सरकवलं.

धानाची पोती घेऊन मिलकडे जाणारा एक ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर आणि त्याचा सोबती यांनी गाडी पोत्यांवर उचलून ठेवली. बाबा ट्रॉलीत चढले आणि गाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसले, उसळली तर पडू नये म्हणून. वारासिवनीपर्यंत ते तसेच बसून होते. पोत्यांवर, धुळीत, वनखात्याचे बडे बाबू. काकाजी आणि मी मागून ऑटोत. मी रडत होते की हसत होते ते काकाजींना कळेना, त्यांनी मला आपला रुमाल दिला. पुढे एका टेम्पोनं गाडी बालाघाटला आली. अंधार पडायच्या आत घरी पोचलो, एवढं बरं.

दुसऱ्या दिवशी गाडी कोणी चार्जला लावली नाही. बाबा रुसले होते, मी रागावले होते. तिसऱ्या दिवशी लाइट नव्हती. अशा पूर्ण उतरलेल्या बॅटऱ्या तशाच पडू दिल्या की त्या आतून खराब होतात. हे दुकानदारानं आम्हाला गाडी घेताना सांगितलं नव्हतं, नंतर सांगितलं, आमचीच चूक म्हणून. त्यानंतर गाडी लायब्ररीपर्यंत जाऊन येईल एवढीच उरली.

मी त्याच्या दुकानात शाळेतून परस्पर गेले.

"वायर जोड दो वापस," मी म्हटलं.

"मैडम, बाबूजी ने खुद बोला था. सब करवाते हैं."

"किसी को टक्कर लग जाती तो? बिना नंबर, बिना बीमा, बिना लाइसेंस. तुम आते थाने में?"

तो हसायला लागला होता, मग थांबला. वायर जोडली. शेजारीच ती मोठी गाडी अजून उभी होती, धूळ खात. सगळ्या गावाला बिनलायसनची हवी होती, तिला कोणी विचारत नव्हतं.

त्या रात्री जेवताना मी बाबांना म्हटलं, "चावी माझ्याजवळ राहील. डोळ्याचं ऑपरेशन करा, मंग देईन."

"कायद्यानं लागत नाही."

"कायदा नाही विचारत. मी विचारून राह्यली."

त्यांनी ताटातली भाजी कालवली, खाल्ली नाही. "अन् तू?" ते म्हणाले. "तू कवा जाशील आरटीओत? मले सांगतं अन् सोता घाबरतं."

हे त्यांनी बरोबर पकडलं होतं. असं ठरलं की दोघांनीही जायचं. ते दवाखान्यात, मी आरटीओत. ठरलं म्हणजे दोघंही अडून बसलो होतो, आणि दोघांनाही दुसऱ्याला आधी हरताना बघायचं होतं.

बाबांचं ऑपरेशन थंडीत झालं. पट्टी काढल्यावर त्यांनी पहिल्यांदा बघितलं ते माझ्या कानाजवळचे पांढरे केस. "हे कवा आले?" म्हणाले. मी म्हटलं, तुमी गाडी घेतली तवापासून.

माझं लायसन दोनदा अडकलं. पहिल्यांदा कागद कमी, दुसऱ्यांदा ट्रायलमध्ये आठ काढताना पाय टेकला. साहेबानं बोटानंच जा म्हणून दाखवलं. तिसऱ्यांदा झालं. मोठी गाडी घरी आली, नंबर, विमा, सगळं घेऊन. चढ ती न कण्हता चढली आणि ट्रक मागून आला तरी मला मातीत उतरावं लागलं नाही. पण तिचेही नखरे होतेच. पूर्ण वेगानं नेली की बॅटरी डोळ्यांदेखत उतरायची. वीज हिलाही तितकीच लागायची, उलट जास्तच. शाळेच्या ऑफिसात चार्जर लावला म्हणून हेडमास्तर रोज कुरकुरायचे. पुढे दीड-दोन वर्षांत ते दुकान बंद झालं, दुकानदार गोंदियाला गेला म्हणे, आणि माझ्या गाडीचा कंट्रोलर जळला तेव्हा तो बदलून देणारं बालाघाटात कोणी उरलं नव्हतं. शेवटी मी पेट्रोलची घेतली. लायसन तेच चाललं.

बाबांचंही लायसन नव्यानं झालं. त्याच डॉक्टरनं सही केली, आणि बाबा त्याला पेढे देऊन आले. मला वाटलं, आता ते जुनी स्कूटर चादरीखालून काढतील किंवा माझी मोठी गाडी मागतील. एकदा त्यांनी माझी चालवून पाहिली, चौकापर्यंत. परत आल्यावर म्हणाले, "लयच पळते." आणि लहान गाडीला नव्या बॅटऱ्या टाकून घेतल्या. ज्या गाडीला लायसन लागत नाही तीच चालवायची, पण खिशात लायसन ठेवून. रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की दाखवायचे.

मी त्यांच्यासाठी हेल्मेट आणलं. त्यावरून आठ दिवस वाद झाला. या गाडीला लागत नाही, कायद्यात नाही, लोक हसतील. मग पुढच्या वर्षी पौष महिन्यात सकाळी थंडी पडली, आणि एक दिवस ते हेल्मेट घालून लायब्ररीला निघाले.

"कायदा बदलला का?" मी दारातून विचारलं.

"कान झाकतात यानं," ते म्हणाले, आणि आवाज न करता गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाले.